चौथ्या आठमधला डावा पाय: सातवीच्या वर्गाने बसवलेली दोन मिनिटांची एरोबिक्स रचना

नागपुरातील एका अनुदानित शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली, तेव्हा सातवीच्या एका तुकडीतील वीस मुलामुलींनी एरोबिक्स सादर करायचे ठरवले आणि ते त्यांनी स्वतःच बसवावे, असा आग्रह मी धरला. मी तयार करून दिलेली रचना मुलांनी पाठ केली असती, तर काम लवकर झाले असते. मात्र एखादी पायरी अमुक पायानेच का सुरू करायची आणि तमुक काउंटला का संपवायची, हे त्यांना कळले नसते. सरावाला आठवड्यातून दोन तासिका मिळत होत्या. प्रत्येक तासिका पस्तीस मिनिटांची आणि त्यातली निदान दहा मिनिटे शरीर गरम करण्यात व शेवटी श्वास खाली आणण्यात जात. नागपूरच्या हिवाळ्यात सकाळच्या शाळेत मुले गारठूनच सरावाला येतात, त्यामुळे ही दहा मिनिटे कमी करण्याचा प्रश्नच नव्हता.

या नोंदीचा मुख्य विषय एकच आहे. रचनेचा भाग उजव्या पायाने केल्यावर तोच भाग न थांबता डाव्या पायाने सुरू व्हावा लागतो. हा बदल आपोआप घडणार की वर्ग गोंधळून थांबणार, हे पायऱ्यांच्या निवडीत आधीच ठरलेले असते. बाकीच्या गोष्टी, म्हणजे हात, दिशा, रांगा आणि संगीत, त्या अनुषंगाने येतील.

गाणे मोजणे

मुलांनी तीन गाणी सुचवली होती. आम्ही टाळ्या वाजवत ती मोजली. एक गाणे दादऱ्यात होते, म्हणजे सहा मात्रांचे. आठच्या काउंटवर बसवलेली पायरी त्या गाण्यावर दुसऱ्याच फेरीला सुटली आणि मुलांनी ते स्वतःहून बाजूला ठेवले. दुसरे गाणे चांगले होते, पण त्याची लय मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या आसपास होती. उड्या मारत करण्याच्या सरावलेल्या वर्गाला ती चालते, पण पहिल्यांदा शिकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलांना नाही. तिसरे केरव्यातले होते आणि त्याची लय मिनिटाला १२८ ठोके इतकी भरली. ही लय हिशेबालाही सोयीची असते. आठ काउंटना पावणेचार सेकंद लागतात, बत्तीस काउंट पंधरा सेकंदांत होतात आणि दोन मिनिटांत बरोबर २५६ काउंट, म्हणजे आठ-आठ काउंटचे बत्तीस तुकडे, आमच्या भाषेत बत्तीस आठ, बसतात.

मात्र लय ठरली म्हणजे गाणे मोजून झाले असे होत नाही. एरोबिक्सच्या वर्गासाठी खास तयार केलेल्या संगीतात बत्तीस-बत्तीस काउंटचे भाग सलग येतात. चित्रपटगीतात तसे असेलच असे नाही. कडव्यानंतर चार, आठ किंवा सोळा काउंटचा वाद्यांचा तुकडा मध्येच येतो, आणि रचना नुसती बत्तीसच्या हिशेबाने पुढे गेली, तर ध्रुवपद सुरू होते तेव्हा मुले भागाच्या मधोमध असतात. म्हणून दोन मुलींना वही-पेन्सिल दिली. प्रत्येक आठला एक उभी रेघ, चार रेघा झाल्या की नवी ओळ, आणि गायन जिथे सुरू होते तिथे फुली, एवढाच नियम होता. आम्ही वापरणार होतो त्या दोन मिनिटांचा नकाशा असा निघाला: सुरुवातीला चार आठ वाद्ये, मग प्रत्येकी आठ आठांचे तीन भाग, त्यानंतर दोन आठांचा एक जास्तीचा तुकडा आणि शेवटी आणखी दोन आठ. एकूण बत्तीस. तो जास्तीचा तुकडा कापून टाकावा, असे मुलांचे म्हणणे होते. मी तो तसाच ठेवायला सांगितला आणि पुढे तो फार उपयोगी पडला.

चार गट, चार आठ

वीस जणांचे पाच-पाचचे चार गट केले आणि प्रत्येक गटाला एकच आठ काउंटचा तुकडा रचायला दिला. असे चार तुकडे जोडले की बत्तीस काउंटचा एक पूर्ण भाग तयार होतो. पायऱ्या मार्च, स्टेप टच, व्ही स्टेप, ग्रेपवाइन आणि गुडघा उचलणे या पाचच वापरायच्या, तुकडा उजव्या पायाने सुरू करायचा आणि एक पाय कायम जमिनीवर ठेवायचा, म्हणजे उडी घ्यायची नाही, एवढी बंधने घातली. वर्गातल्या एका मुलाला थंडीत दम लागतो. उडीविरहित रचनेत त्याला वेगळे उभे करावे लागत नाही, हे एक कारण होते. दुसरे कारण असे की आमचा सराव फरशीवर चालतो आणि त्या कठीण पृष्ठभागावर वारंवार उड्या मारणे नडग्यांना आणि घोट्यांना त्रासाचे ठरते.

प्रत्येक गटाने आपला तुकडा कागदावर एक ते आठ आकड्यांखाली लिहायचा होता. उजवा पाय टेकवून त्यावर वजन घेतले तर ‘उ’, डावा घेतला तर ‘डा’, नुसता पंजा टेकवला तर ‘टे’ आणि गुडघा उचलला तर ‘गु’. या लिखाणाला पाच मिनिटे लागली, पण पुढचे सगळे निदान या कागदांवरच झाले, त्यामुळे मी ही पद्धत कोणत्याही वर्गाला सुचवेन. चार गटांचे कागद असे आले.

पहिला गट: उ डा उ गु, डा उ डा टे. म्हणजे तीन पावले पुढे, चौथ्याला डावा गुडघा वर, मग डाव्यापासून तीन पावले मागे आणि आठव्याला उजवा पंजा टेकवणे.

दुसरा गट: उ डा उ डा, उ डा उ डा. ही दोन व्ही स्टेप झाली. उजवा पाय तिरका पुढे, डावा तिरका पुढे, मग उजवा मागे जागेवर आणि डावा जागेवर.

तिसरा गट: उ डा उ टे, डा उ डा टे. उजवीकडे एक ग्रेपवाइन आणि डावीकडे एक. दुसरे पाऊल पहिल्याच्या मागून जाते.

चौथा गट: उ गु डा गु, उ गु डा गु. आलटून पालटून चार वेळा गुडघा उचलणे.

चारही तुकडे सुटे सुटे उत्तम होते. जोडून केल्यावर उजवी बाजूही सुरळीत झाली. मग मी म्हटले, ‘आता हाच भाग डाव्या पायाने, न थांबता.’ तिथे वर्ग अडकला. काही जणांनी पुन्हा उजव्यानेच सुरुवात केली, काहींनी मध्येच एक पाऊल जास्तीचे टाकून डावा पाय मोकळा केला, आणि उरलेले उभेच राहिले. एक मुलगा वैतागून म्हणाला, ‘मॅडम, डावा पाय खालीच राह्यते ना, उचलू कसा?’ त्याची तक्रार अगदी नेमकी होती. आठव्या काउंटला त्याच्या शरीराचे वजन डाव्या पायावर होते, आणि ज्या पायावर वजन आहे तो पाय पुढचे पाऊल टाकू शकत नाही.

वजन कुठे आहे

आम्ही चारही कागद फळ्यावर उतरवले आणि प्रत्येक तुकड्यात किती वेळा वजन घेतले जाते, म्हणजे ‘उ’ आणि ‘डा’ मिळून किती अक्षरे येतात, ते मुलांना मोजायला सांगितले. पहिल्यात सहा, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात सहा आणि चौथ्यात चार. सगळे आकडे सम होते. उजव्याने सुरू झालेल्या तुकड्यात वजन सम वेळा घेतले, तर शेवटी ते डाव्यावर येते आणि उजवा मोकळा राहतो. मग पुढचा तुकडा पुन्हा उजव्यानेच सुरू होणार. विषम वेळा घेतले, तर वजन उजव्यावर राहते आणि डावा मोकळा होतो. बत्तीस काउंटच्या भागात एकच तुकडा विषम असला, तर दुसरी बाजू आपोआप सुरू होते. एकही नसला, तर मुले कितीही हुशार असोत, ती डाव्या बाजूला जाऊ शकत नाहीत. विषम तुकडे दोन झाले, तर बदल दोनदा होऊन परिणाम पुन्हा शून्य.

डावी बाजू हवीच कशाला, असा प्रश्न एका मुलीने विचारला. तो रास्त होता. पाहणाऱ्याला उजव्या-डाव्याचा फरक फारसा जाणवत नाही, पण दोन मिनिटे एकाच पायाने सुरुवात करत राहिले, तर एकाच पोटरीला आणि मांडीच्या एकाच स्नायूला सारखे काम पडते. शिवाय तोच बत्तीस काउंटचा भाग डावीकडून आला की मंचावर नवा दिसतो, त्यामुळे नवीन पायऱ्या न शिकता रचना दुप्पट होते. चार वेगवेगळे भाग अर्धवट करणाऱ्या वर्गापेक्षा एकच भाग दोन्ही बाजूंनी स्वच्छ करणारा वर्ग मला नेहमी जास्त आवडतो.

बदल कोणत्या आठमध्ये करायचा, हे मुलांनी ठरवले. पहिल्या तीनपैकी कुठलाही बदलला असता, तरी त्यानंतरचे सगळे तुकडे डाव्याने सुरू झाले असते आणि भागाच्या मध्येच गोंधळ झाला असता. म्हणून शेवटचा आठच योग्य ठरला. चौथ्या गटाला आपलाच तुकडा बदलायचा याचे थोडे वाईट वाटले, तेव्हा नवा तुकडाही त्यांनीच शोधायचा असे ठरले. गुडघा ठेवायचा, पण वजन विषम वेळा घ्यायचे. दहा मिनिटांच्या खटपटीनंतर त्यांनी एकाच गुडघ्याला तीनदा उचलणारी पायरी काढली. एरोबिक्समध्ये तिला रिपीटर म्हणतात. त्यांना हे नाव माहीत नव्हते.

नवा कागद असा: उ गु टे गु, टे गु डा उ.

पहिल्या काउंटला उजव्यावर वजन, दुसऱ्याला डावा गुडघा वर, तिसऱ्याला डावा पंजा नुसता टेकवायचा, चौथ्याला पुन्हा गुडघा, पाचव्याला टेकवायचा, सहाव्याला तिसऱ्यांदा गुडघा. सातव्याला डाव्यावर पूर्ण वजन आणि आठव्याला उजव्यावर. वजन तीन वेळा घेतले, म्हणजे विषम. नवव्या काउंटला डावा पाय मोकळा. त्याच तासिकेत सगळा वर्ग पहिल्यांदा उजवीकडून डावीकडे गेला.

थर चढवणे

थर चढवण्याची पद्धत आणि जोडत जाण्याची पद्धत यांत बऱ्याचदा गल्लत होते. जोडण्याच्या पद्धतीत पहिला आठ पूर्ण शिकवून त्याला दुसरा, मग तिसरा जोडत जातात. थरांच्या पद्धतीत बत्तीस काउंटचा सांगाडा अगदी सोप्या रूपात आधी पूर्ण उभा करतात आणि मग संगीत न थांबवता त्यातील एकेक गोष्ट बदलतात. आम्ही तुकडे जोडून रचले होते, पण सराव थरांनी केला, कारण सादरीकरणाच्या दिवशी काही थर गळून पडला, तरी खालचा सांगाडा मुलांच्या पायांत राहतो आणि कोणी मंचावर उभे राहत नाही.

सांगाडा पुढीलप्रमाणे होता. पहिल्या आठमध्ये जागेवर मार्च. दुसऱ्यातही मार्चच, पण पाय थोडे फाकवून आणि परत जवळ घेऊन. तिसऱ्यात चार स्टेप टच, म्हणजे एक पाऊल बाजूला आणि दुसरा पंजा त्याच्याजवळ टेकवायचा. चौथ्यात उजव्यावर उभे राहून डावा पंजा पाच वेळा टेकवायचा आणि सात-आठला डावे-उजवे पाऊल टाकायचे. या शेवटच्या तुकड्यात पायाचा बदल सांगाड्यातच आला, हे महत्त्वाचे. पुढे त्या आठमध्ये गुडघा आला काय किंवा हात आले काय, वजनाचा हिशेब बदलत नाही.

त्यावर पहिला थर दिशेचा. पहिल्या आठमधला मार्च चार पुढे, चार मागे झाला, दुसऱ्यातला व्ही झाला, तिसऱ्यातल्या स्टेप टचची आधी बाजूला-जवळ-बाजूला-टेक आणि नंतर दुसरे पाऊल मागून नेत ग्रेपवाइन झाली. दुसरा थर गुडघ्यांचा. इथे पहिल्या आठमध्ये एक बारीक अडचण आली, जी कागदावर आधी दिसली नव्हती. सांगाड्यात मुले चौथ्या काउंटला डाव्यावर वजन घेत होती आणि पाचव्याला उजव्याने मागे जात होती. गुडघा आल्यावर चौथ्याला वजन घेतलेच जात नाही, म्हणून पाचव्याला डाव्यानेच मागे जावे लागते. आठव्याला पंजा नुसता टेकवल्याने शेवटी हिशेब पुन्हा जुळतो, पण पाचव्या काउंटला पाय उलटा होतो. अर्ध्या वर्गाची सवय उजव्याची झाली होती आणि तिथे दोघांची टक्कर झाली. उपाय म्हणून आम्ही संगीत बंद करून फक्त चौथा आणि पाचवा काउंट घेतला: जो गुडघा वर गेला, तोच पाय मागे. हे एवढेच वाक्य मुले मोठ्याने म्हणत राहिली आणि पाय त्या वाक्यामागे गेले. थर निवडताना वजनाचा हिशेब बदलणारा थर आहे का, हे आधी पाहावे आणि असेल तर तो सांगाडा पक्का होण्यापूर्वीच आणावा, असे माझे मत या प्रसंगानंतर झाले आहे.

रिपीटरमधली अडचण वेगळी होती. तिसऱ्या आणि पाचव्या काउंटला पंजा नुसता टेकवायचा, तर काही मुले तिथे वजन टाकत आणि मग सातव्याला चुकीच्या पायावर येत. ही चूक पायाकडे पाहून पटकन दिसत नाही, डोक्याकडे पाहून दिसते. वजन उजव्यावरच राहिले, तर डोके सहा काउंट जवळपास एकाच जागी असते. वजन डाव्यावर गेले, की डोके बाजूला झुकते. चौथ्या गटातली एक मुलगी बाकीच्यांना सांगू लागली, ‘पायाखाली पापड आहे समजा, मोडू नका.’ ही सूचना माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा लवकर लागू पडली.

एक अडचण मात्र या वर्गाच्या आधीच्या सवयीतून आली. त्यांतील सहा जण संचलनाच्या पथकात होते, आणि संचलनात पहिले पाऊल नेहमी डावे असते. सुरुवातीच्या वाद्यांवर मंचावर येताना ते डाव्याने निघत आणि चार आठ संपेपर्यंत पूर्ण उलटे राहत. त्यांना दोष देण्यासारखे काही नव्हते, उलट त्यांची ताल धरण्याची तयारी इतरांपेक्षा चांगली होती. प्रवेशाच्या आधी पडद्यामागे सगळ्यांनी उजवा पंजा हलका उचलून उभे राहायचे असे ठरवले आणि प्रश्न मिटला, कारण उचललेला पायच पहिला टेकतो.

पुढचा थर आणायचा की नाही, हे मी एकाच खुणेवर ठरवत असे. फोन वर्गाच्या मागे जमिनीलगत ठेवून चित्रण करायचे आणि नंतर फक्त पहिला काउंट पाहायचा: उजव्या भागाच्या पहिल्या काउंटला किती उजवे पाय आणि डाव्या भागाच्या पहिल्या काउंटला किती डावे. सलग तीन फेऱ्यांत वीसपैकी निदान अठरा पाय बरोबर आले, आणि त्या वेळी मी तोंडाने काउंट देत नसले, तर पुढचा थर. लयही अशीच वाढवली. फोनवरच्या मेट्रोनोमने ११० ठोक्यांपासून सुरुवात, मग ११८ आणि शेवटी १२८ व गाणे. नुसत्या तोंडी मोजणीवर सराव केला, तर मुले उत्साहात येऊन वेग वाढवतात आणि अवघड जागी कमी करतात, त्यामुळे ठोका यंत्राचा असणे बरे.

सूचना देणारी मुले

काउंट आणि पुढच्या पायरीची सूचना आळीपाळीने मुलांनीच द्यायची होती. सूचना पायरीच्या आधी, चालू आठच्या पाचव्या काउंटपासून यायला हवी: ‘पाच, सहा, आता व्ही.’ आठव्याला दिलेली सूचना ऐकून ती पायापर्यंत पोहोचेस्तोवर पुढचा एक काउंट निघून गेलेला असतो. दुसरी गोष्ट आरशाची. गटासमोर तोंड करून उभा राहिलेला मुलगा ‘उजवा’ म्हणत स्वतःचा उजवा पाय टाकत होता. निम्मे विद्यार्थी कानांनी उजवीकडे गेले, निम्मे डोळ्यांनी डावीकडे. समोर तोंड करून सूचना देणाऱ्याने तोंडाने ‘उजवा’ म्हणायचे आणि स्वतः डावा टाकायचा, हे त्याला अवघड गेले, आणि ते साहजिक आहे. मग जी मुले आरशासारखे करू शकत होती त्यांनीच समोर तोंड केले आणि इतरांनी वर्गाकडे पाठ करून सूचना दिल्या.

हात आणि मंचाची मापे

हात सर्वांत शेवटी आणले, आणि कोणते हात हे मंचाच्या मापावरून ठरले. मंडपवाल्याकडून कळले की मंच तीस फूट रुंद आणि वीस फूट खोल असेल. पाच जणांची रांग पाच-पाच फुटांवर उभी केली, तर ती वीस फूट जागा घेते आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट उरतात. या वयाच्या मुलांची ग्रेपवाइन चार-पाच फूट सरकते, म्हणजे टोकाचे मूल अगदी कडेला पोहोचते. म्हणून अंतर चार फूट केले आणि एकाआड एक रांग थोडी बाजूला सरकवली, जेणेकरून मागच्यांचे चेहरे पुढच्यांच्या मधून दिसतील. आता कडेला पुरेशी जागा राहिली, पण चार फुटांत दोन्ही हात बाजूला पसरले तर शेजाऱ्याला लागतात. त्यामुळे बाजूचे हात बाद झाले आणि हात वर, पुढे किंवा कमरेवर एवढेच उरले. पहिल्या आठमध्ये मुठी कमरेजवळ आणि चौथ्याला टाळी, व्ही स्टेपमध्ये पायाबरोबर एकेक हात वर आणि मग एकेक कमरेवर, ग्रेपवाइनमध्ये कोपरे दुमडून चौथ्या व आठव्याला टाळी, आणि रिपीटरमध्ये दोन्ही हात वरून गुडघ्याकडे ओढायचे.

हात आले की श्वासाचा वेग वाढतो, विशेषतः खांद्याच्या वर गेले की. त्यासाठी मी मुलांना अधूनमधून चालू रचनेतच आपले नाव आणि वर्ग सांगायला लावत असे. वाक्य सलग आले तर ठीक, शब्दाशब्दाला श्वास तुटला तर त्या मुलाने एक फेरी हात कमरेवर ठेवून करायची. दम लागणाऱ्या मुलाने तर पूर्ण रचनेत हात छातीच्या उंचीपर्यंतच ठेवले. सगळ्यांचे पाय एकच असल्यामुळे तो वेगळा पडला नाही. हातांचा थर आल्यावर रिपीटरमधली जुनी चूक परत दिसू लागली, म्हणून त्या आठमध्ये आठवडाभर हात कमरेवर ठेवले आणि फक्त उरलेल्या तीनमध्ये चालू ठेवले.

जास्तीचे सोळा काउंट

बत्तीस आठांची अंतिम मांडणी अशी झाली. चार आठांवर मार्च करत प्रवेश. पुढच्या आठ आठांत भाग उजवीकडून आणि डावीकडून, हात कमरेवर. त्यापुढच्या आठ आठांत तेच, हातांसह. तिसऱ्या आठांच्या भागात मुलांना काही तरी नवे हवे होते, आणि नव्या पायऱ्या शिकायला वेळ नव्हता. तेव्हा एकामागून एक सुरू करण्याचा मार्ग काढला: पुढच्या दोन रांगा भाग सुरू करतात, मागच्या दोन एक आठ जागेवर मार्च करून मग तोच भाग सुरू करतात. पुढचे पुढे जात असतात तेव्हा मागचे मार्चवर, पुढचे व्ही करतात तेव्हा मागचे पुढे येतात. या गमतीला किंमत एकच आहे: मागच्या रांगा एक आठ उशिरा संपतात, म्हणून आठऐवजी नऊ आठ लागतात. गाण्यातले जास्तीचे दोन आठ बरोबर इथेच होते. पहिल्या आठमध्ये मागच्या रांगा आपला रिपीटर पूर्ण करतात आणि पुढच्या मार्च करत थांबतात, दुसऱ्यात सगळे मिळून अर्धवर्तुळात सरकतात. शेवटच्या दोन आठांत त्याच अर्धवर्तुळात एकेक आठ व्ही स्टेप आणि अखेरची स्थिती. पायांचा हिशेबही जुळला, कारण पूर्ण आठच्या मार्चमध्ये वजन आठ वेळा घेतले जाते आणि उजवा पाय मोकळाच राहतो.

मंचावर रंगीत तालीम झाली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. लाकडी फळ्यांवर सैल अंथरलेल्या जाजमाला घड्या पडत होत्या आणि ग्रेपवाइनमध्ये मागून जाणारे पाऊल त्या घडीत अडकत होते. जाजम कडांना आणि मधोमध चिकटपट्टीने ताणून बसवल्यावर हे थांबले. दुसरे म्हणजे मोठे स्पीकर प्रेक्षकांच्या दिशेला असल्यामुळे मागच्या रांगांना ठोका स्पष्ट ऐकू येत नव्हता, आणि नेमक्या त्याच रांगांना एक आठ मोजून सुरू करायचे होते. साउंडवाल्या काकांनी एक छोटा स्पीकर मंचाकडे तोंड करून लावला.

सादरीकरणात उजवीकडून डावीकडे जाण्याच्या तिन्ही जागा नीट गेल्या. एकामागून एक सुरू करण्याच्या भागात मागच्या रांगेतल्या दोघांनी मार्चचा आठ न मोजता पुढच्यांबरोबरच सुरुवात केली. त्यांच्या ते लगेच लक्षात आले आणि ते रचना न सोडता मार्चवर परतले. मार्चवर परतलेला पाय उजव्या-डाव्याच्या क्रमातच असतो, म्हणून पुढच्या पहिल्या काउंटला ते इतरांमध्ये मिसळले.

दुसऱ्या कोणी ही मांडणी वापरायची ठरवली, तर आधी आपले गाणे रेघांनी मोजावे. जास्तीचे दोन आठ तिसऱ्या भागानंतर नसतील, तर एकामागून एक सुरू करण्याचा भाग ठेवू नये, त्याऐवजी तोच भाग प्रेक्षकांकडे बाजू करून घ्यावा. त्यासाठी वाढीव आठ लागत नाही आणि वजनाचा हिशेबही तसाच राहतो. वर्ग चाळीसचा असेल, तर चार फुटांच्या अंतराने एवढ्या मंचावर तो मावणार नाही. अशा वेळी दोन तुकड्या करून पहिलीने उजवीकडचा भाग आणि दुसरीने डावीकडचा भाग करावा. दुसऱ्या तुकडीने तोपर्यंत कडेला मार्च करताना आपली सुरुवात डाव्या पायाने होणार आहे हे ध्यानात ठेवून मार्चही डाव्यानेच सुरू करावा.